बारा शब्दांत बाळकाका

शुभेच्छा देण्याच्या कामी मराठी माणसाने कधी काटकसर केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. चौकाचौकांत टांगलेल्या वाढदिवसाच्या फलकांकडे नजर टाकली, तरी कार्यसम्राटापासून भावी नगरसेवकापर्यंतची बिरुदे, त्यांखाली उत्सवमूर्तीचा हसरा चेहरा आणि त्या चेहऱ्याभोवती शुभेच्छुकांची दाटीवाटीने उभी केलेली पलटण पाहून, जागा मुबलक असली म्हणजे आपले वत्सल अंतःकरण किती फूट बाय किती फूट पसरू शकते, याचा अंदाज येतो. मात्र हाच गृहस्थ एक किलोच्या केकवर काय लिहावयाचे हे सांगण्यासाठी काउंटरसमोर उभा राहिला, की त्याची जीभ लुळी पडते. कारण तेथील पावतीपुस्तकात 'मजकूर, १२ शब्दांपर्यंत' असा रकाना छापलेला असतो, आणि त्या रकान्यात पलटण मावत नाही.

वाकोल्यात दत्त मंदिर रस्त्याच्या अलीकडे असलेल्या आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेवर हा प्रसंग नुकताच गुदरला. संस्थेचे माजी सचिव, ज्यांना लहानथोर सारे बाळकाका म्हणतात, त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती. तेव्हा व्यवस्थापक समितीची तातडीची सभा भरून, एक किलोचा केक आणण्याचा ठराव सूचक-अनुमोदकांच्या सह्यांनिशी मंजूर झाला आणि मजकुराचा मसुदा करण्याचे काम विद्यमान सचिवांकडे सोपवण्यात आले. सचिवांनी सादर केलेला मसुदा असा: 'आमच्या संस्थेचे संस्थापक सदस्य, माजी सचिव, सर्वांचे मार्गदर्शक आदरणीय बाळकाका यांस त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसानिमित्त समस्त सभासदांतर्फे हार्दिक अभीष्टचिंतन व निरामय दीर्घायुष्याच्या शुभेच्छा.' हे एकंदर बावीस शब्द होतात. दुकानदाराने पहिले बारा प्रामाणिकपणे उतरवून हात थांबवला असता, तर मजकूर 'यांस त्यांच्या' येथे संपला असता आणि वाढदिवसाचा उच्चारही न होता केक कापण्याची पाळी बाळकाकांवर आली असती.

यावर पहिला तोडगा आमच्या खजिनदारांनी काढला. हे गृहस्थ तारखात्यातून निवृत्त झालेले असून, जुलै २०१३ मध्ये सरकारने तारसेवा बंद केली त्या दिवसापासून देशातील शब्दांची शिस्त गेली, असे त्यांचे ठाम मत आहे. तारेचे पैसे शब्दागणिक पडत, म्हणून माणसे शब्द मोजून वापरीत. शुभेच्छांच्या ठराविक वाक्यांना तर खात्याने क्रमांकच दिलेले होते. पाठवणाऱ्याने नुसता आकडा सांगावा, तारयंत्रावर तेवढाच आकडा जावा आणि पलीकडच्या कचेरीने नक्षीदार कागदावर पूर्ण वाक्य लिहून घरपोच करावे, अशी ती व्यवस्था होती. केकवर आकडा लिहिण्याची त्यांची सूचना सभेने फेटाळली. कारण पलीकडे वाक्य उलगडून सांगणारी कचेरी आता उरलेली नाही. तेव्हा त्यांनी समासाचा आश्रय घेतला. 'संस्थापकसदस्यमाजीसचिवमार्गदर्शक' हा एक शब्द आणि 'समस्तसभासदबंधुभगिनींतर्फे' हा दुसरा, असा हिशेब करून त्यांनी सारी बिरुदावली बारा शब्दांच्या आत बसवली आणि नियमाचा कोठेही भंग झालेला नाही, असा निर्वाळा दिला.

तो मसुदा घेऊन आम्ही काही मंडळी वाकोला बाजारातल्या एका बेकरीत गेलो, तेव्हा केकवर लिहिणाऱ्या पोराने कागद डोळ्यांसमोर धरून एवढेच विचारले, "साहेब, हा शब्द आहे की पत्ता?" आणि काउंटरमागून पुठ्ठ्याची एक गोल तबकडी काढून आमच्यापुढे ठेवली. शब्दांची अट मालकाने घातलेली होती. पोराचा सारा व्यवहार इंचांत चाले.

तो व्यवहार आम्ही तेथे उभे राहून समजावून घेतला. एक किलोचा गोल केक साधारण आठ इंचांचा असतो. त्याच्या कडेने क्रीमची फुले फिरवली म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून दोन इंच जातात आणि लिहावयास सहा इंचांचे वर्तुळ उरते. अक्षर अर्ध्या इंचाच्या उंचीचे काढले, तरी देवनागरीची ओळ अर्ध्या इंचात बसत नाही. वर मात्रा, वेलांटी आणि रफार, खाली उकार, अशी वरखाली वस्ती असल्यामुळे प्रत्येक ओळीला जवळजवळ पूर्ण इंच द्यावा लागतो. शिवाय वर्तुळाचा मध्य सोडून वर किंवा खाली सरकावे तशी ओळ आखूड होत जाते: मध्यावर सहा इंच मिळतात, तर दोन इंच सरकल्यावर साडेचारच हाती राहतात. म्हणजे चार ओळी, त्यांतल्या मधल्या दोन ऐसपैस आणि कडेच्या दोन चिंचोळ्या, एवढे राज्य. 'वाढदिवसाच्या' हा एकटा शब्द, त्यातले काने धरून, सव्वातीन इंच जमीन बळकावतो आणि 'हार्दिक' शेजारी आला की ओळ संपते. खजिनदारांचा पहिला समास केकवर चढवावयाचा, तर त्याचे शेपूट शेजारच्या पेस्ट्रीवर गेले असते.

फोनवरून केक मागवू पाहणाऱ्यांची गत याहून वाईट. सचिवांच्या कन्येने तोही मार्ग चोखाळून पाहिला होता. तेथे मजकुराच्या चौकटीत तीस खुणांची मर्यादा होती आणि यंत्र काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या साऱ्यांची स्वतंत्र पट्टी वसूल करते. 'शुभेच्छा' ही डोळ्यांना तीन अक्षरे, पण यंत्राच्या वहीत आठ खुणा. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' या तीन शब्दांच्या, मधल्या दोन मोकळ्या जागांसह, एकोणतीस खुणा भरतात. उरलेल्या एका जागेत उद्गारचिन्ह मावते. बाळकाका मावत नाहीत.

पोराचे काम मात्र पाहण्यासारखे होते. बटर पेपरच्या कोनात वितळलेले चॉकलेट भरून त्याने टोक जेमतेम कातरले आणि पहिली ओळ त्या पुठ्ठ्यावरच लिहून पाहिली. रंगीत जेलने लिहिलेले आधी झळकते खरे; परंतु मुंबईच्या दमट हवेत शीतकपाटातून काढलेल्या केकला घाम सुटतो, जेल क्रीमवर पसरते आणि 'शु'चा उकार व 'भे'ची मात्रा ज्या त्या शेजाऱ्यात विरघळून 'शुभेच्छां'चा चिखल होतो. चॉकलेट थिजते, म्हणून टिकते. दुसरी मेख ऱ्हस्व वेलांटीची. ती उच्चारात मागून येते, पण लिहिताना अक्षराच्या अलीकडे उभी राहते. तिची जागा आधी न सोडणाऱ्याचा 'दि' पुढे कायमचा 'दी' होऊन बसतो, कारण क्रीमवर खोडरबर चालत नाही. सवयीचा कारागीर दातकोरणीने ओळींच्या सुरुवाती आणि शेवट टोचून घेतो, मगच कोन टेकवतो. नवखा डावीकडून थाटात आरंभ करतो आणि 'शुभेच्' एवढे होईतो काठ येऊन 'छा'ला फुलांच्या खाली तळघरात राहावे लागते.

पोर मूळचा उत्तरेकडचा असल्यामुळे 'ळ' हे अक्षर त्याच्या हाताला परके होते. आमचा बाळकाका 'बालकाका' होऊन पंचाहत्तरीच्या ऐवजी मुंजीला बसण्याचा संभव होता. म्हणून मजकूर तोंडाने न सांगता मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्यावा आणि 'ळ'भोवती वर्तुळ काढावे, असे ठरले. तोंडी सूचनेचा प्रताप आमच्या शेजारच्या इमारतीने गेल्या वर्षी अनुभवला आहे. तेथील सभासदाने फोनवर "वर 'मॅडमना शुभेच्छा' आणि खाली 'सोसायटीकडून'" असे फर्मावले आणि केकवर आज्ञेबरहुकूम अवतरले: 'वर मॅडमना शुभेच्छा आणि खाली सोसायटीकडून'. मॅडम वर राहतात, तिसऱ्या मजल्यावर, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब.

आता लिहावयाचे काय, हा मूळ प्रश्न तसाच शिल्लक होता आणि तो आमच्या तळमजल्यावरच्या आजींनी सोडवला. त्या म्हणाल्या, "सात आणि पाचाच्या मेणबत्त्या आणल्यात ना? मग वय कशाला लिहिता? वाढदिवसाचा तो चमचमता पुठ्ठा मागं खोचणारच आहात, मग वाढदिवस तरी कशाला लिहायचा? त्यांना पाटावर बसवून ओवाळते तेव्हा मी 'शतायुषी व्हा' एवढंच म्हणते, आणि ते काही संस्थापक सदस्य म्हणून नव्हे." आजींचे म्हणणे आम्हांस विचारार्ह वाटले, कारण ज्या भाषेने 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हा सारा दंडवत 'सा. न. वि. वि.' एवढ्यात उरकला, वडिलांना 'ति.' आणि धाकट्यांना 'चि.' करून पत्राची बाकी जागा मजकुराला मोकळी ठेवली, तिला केकचे वावडे असण्याचे कारण नाही. आमच्या पूर्वजांनी औपचारिकतेचे संक्षेप केले आणि मजकूर विस्ताराने लिहिला. आम्ही औपचारिकता विस्ताराने लिहितो आणि मजकुराला जागा उरत नाही.

मजकूर म्हणजे काय, तर बाळकाकांनी पूर्वी एका उन्हाळ्यात कागदपत्रांची पिशवी काखेला मारून, महापालिकेकडून संस्थेला नवी जलजोडणी मिळवून दिली होती, ही गोष्ट. ती बावीस शब्दांच्या मसुद्यात कोठेच नव्हती. आजींनी सांगितले आणि पोराने चार ओळींत उतरवले: पहिल्या ओळीत 'बाळकाका', दुसरीत 'नळाला पाणी', तिसरीत 'तुमच्यामुळे' आणि चौथीत 'शंभरी इथेच करा'. एकंदर सात शब्द. चौथी ओळ चार इंचांत बसली, वरच्या इंचभर कमानीत सात आणि पाच उभे राहिले, आणि दोन्ही अंगांना थोडी पांढरी जागा राहिली, ती पाहून सचिवांना तेथे 'आदरणीय' घालण्याचा मोह अनावर झाला. परंतु पोराने कोन बाजूला ठेवला होता.

केक रिक्षातून मांडीवर धरून, वाकोला पुलाखालचे खड्डे चुकवीत सुखरूप आणण्यात आला. बाळकाकांनी तो कापण्यापूर्वी चष्मा लावून दोनदा वाचला आणि पहिली सुरी अशा बेताने चालवली, की 'पाणी' अखंड राहावे. तो तुकडा त्यांनी आजींना दिला. खजिनदारांच्या वाट्याला 'करा' आले आणि ते त्यांनी आज्ञा समजून संपवले.

पुढील महिन्याच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करताना सचिवांनी एक दुरुस्ती मांडली आणि ती बहुमताने संमत झाली. इतिवृत्ताला शब्दांची मर्यादा नसते. त्यामुळे बावीस शब्दांचा मूळ मसुदा, स्वल्पविरामांसकट, आता संस्थेच्या दप्तरी नोंदलेला असून, त्याखाली असा शेरा आहे: 'सदरहू मजकूर केकवर लिहिला गेल्याचे समजण्यात यावे.'