शेवटी पडतं किती?

आमच्या सोसायटीतल्या नानांना कोणत्याही वस्तूची किंमत सांगितली, की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, “ते झालं. पण शेवटी पडतं किती?” छापील किंमत नानांच्या लेखी मुलीच्या बाजूने सांगितलेल्या वयाइतकीच खरी असते.

सध्या त्यांचं वॉशिंग मशीन घेणं चालू आहे. ‘घेतलं’ असं अजून कोणी म्हणालेलं नाही. त्यासाठी एक दोनशे पानी वही घातलेली आहे आणि दरम्यान नानी रोज न्हाणीघरात बादलीशी झटतायत.

वहीतला हिशोब मात्र वाचण्यासारखा आहे. एका साइटवर मशीन ३२,००० रुपयांना. दुसरीवर ३०,८००. तुम्ही-आम्ही दुसरीवर बोट दाबून मोकळे झालो असतो. नाना शेवटच्या पानापर्यंत गेले, म्हणजे जिथे पैसे भरायचं बटण येतं तिथे. तिथे पोचवणावळ आणि हाताळणीचे मिळून ३५० निघाले. स्टँड सातशेचं, वेगळं. झाले ३१,८५०. नाक्यावरचा दुकानदार तेच मशीन ३२,००० ला, स्टँडसकट, वर चढवून देतो म्हणाला. बाराशेचा फायदा दीडशेवर आला, आणि नानांच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद दिसला. “सगळे आकार धरून एकच आकडा दाखवायचा, असा २०२० चा ई-कॉमर्सचा नियमच आहे,” ते म्हणाले. “दाखवतात. पण माणूस दमल्यावर.”

पहिल्या साइटवर एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर २,००० सूट होती. म्हणजे ३०,०००, स्टँड धरून ३०,७००. सगळ्यांत स्वस्त! शिवाय सहा महिन्यांचे बिनव्याजी हप्ते. ‘बिनव्याजी’ म्हटल्यावर नाना सावध झाले. कारण बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम विक्रेता किमतीत आधी कमी करतो, इतकंच. सोळा टक्क्यांनी ३०,००० वर ते साधारण १,३५० होतं. ते विक्रेत्याने सोसलं, तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४३, आपल्या माथी. प्रोसेसिंग फी १९९, तिच्यावर पुन्हा जीएसटी, म्हणजे २३५. बिनव्याजी हप्त्यांचे ४७८ रुपये! नानांनी तो आकडा लाल शाईने लिहिला आणि हप्ते रद्द केले.

इथवर कोणीही काटेकोर माणूस पोचेल. नानांची खरी करामत शेवटच्या रकान्यात आहे: ‘परत केलं तर’. मशीन परत करायची त्यांची इच्छा नाही, पण लग्न ठरवताना ते घटस्फोटाचाही खर्च विचारतील. दुसऱ्या साइटवर बारीक अक्षरात होतं: सात दिवसांत फक्त बदली. म्हणजे पैसे परत नाहीत. आधी कंपनीचा माणूस येऊन बिघाड आहे असं लिहून देणार, मग दुसरं मशीन. ‘रंग आवडला नाही’, ‘दारातून आत जात नाही’ हा बिघाड नव्हे. माल सदोष किंवा वर्णनापेक्षा वेगळा असेल, तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही नानांना पाठ आहे. म्हणून दाराची रुंदी त्यांनी आधीच तीनदा मोजली आहे, आणि खोकं उघडतानाचं चित्रीकरण नातवाकडे सोपवलं आहे.

पहिल्या साइटवर पैसे परत मिळत होते. मग अडलं कुठे? तर ते कार्ड नानांकडे नाही, जावयाकडे आहे. आणि परतावा ज्या कार्डावरून पैसे गेले त्याच कार्डावर येतो. समजा, मशीन परत केलं, तर नानांनी जावयाला रोख दिलेले ३०,००० जावयाच्याच खात्यात जमा. मग ते मागायचे कसे? नानी म्हणाल्या, “अहो, आपलाच जावई आहे.” नाना म्हणाले, “म्हणूनच.” पुन्हा ती सूट सणापुरतीच. आलेल्या पैशांत दुसरीकडून घ्यायला गेलं, तर दोन हजार वर घालावे लागणार. तेही वहीत आहे, कंसात.

मला विचाराल, तर नाना छळवादी आहेत पण चुकीचे नाहीत. स्वस्ताई दाखवणारे आकडे पहिल्या पानावर असतात, आणि पस्तावायला लावणारे सगळे नियमांच्या पानावर. ते पान वाचणारा आमच्या इमारतीत हा एकच माणूस. त्यांची चूक एकच: वहीत नानींच्या मनगटांचा रकाना नाही.

तर, तुमच्याकडे त्या बँकेचं कार्ड असेल आणि तुम्ही नानांचे नातेवाईक नसाल, तर तेवढं कळवा. ऑफर रविवारपर्यंतच आहे.