प्रति, शेजारची खोली

घाटाखालच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा आहे. पहिलीत 8, दुसरीत 11, तिसरीत 9 आणि चौथीत 9 मिळून पट 37. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणून शिक्षक दोन. पट दीडशेच्या वर गेला तर स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. पण दीडशे मुलं आणायची तर आजूबाजूच्या चार वाड्या पळवून आणाव्या लागतील. तेव्हा दोघांपैकी जे सेवेने ज्येष्ठ, तेच प्रभारी मुख्याध्यापक. वाडी त्यांना थोरले गुरुजी म्हणते आणि दुसऱ्यांना धाकटे. धाकटे आमचे बालमित्र, म्हणून ही कागदपत्रं आमच्या हाती लागली.

एका सोमवारी रात्री पावणेदहाला केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर पत्र पडलं. वर ठळक अक्षरात ‘अत्यंत तातडीचे’. विषय ‘बहुवर्ग अध्यापन’, म्हणजे एका शिक्षकाने एकाच वेळी अनेक इयत्ता कशा शिकवाव्यात. प्रशिक्षण तालुक्याच्या गावी, बुधवार ते शुक्रवार. सोबतच्या यादीत धाकट्या गुरुजींचं नाव होतं. पत्राच्या शेवटी दोन वाक्यं होती. पहिलं : ‘संबंधित शिक्षकांस तात्काळ कार्यमुक्त करावे, अनुपस्थित राहिल्यास प्रशासकीय कार्यवाही करण्यात येईल.’ दुसरं : ‘प्रशिक्षण कालावधीत शाळा बंद राहणार नाही, तसेच विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होणार नाही, याची दक्षता मुख्याध्यापकांनी घ्यावी.’

पहिलं वाक्य धाकट्यांसाठी आणि दुसरं थोरल्यांसाठी. लिहिणारा एकच होता, पण एक वाक्य लिहिताना त्याला दुसरं आठवत नसावं.

मंगळवारी सकाळी धाकटे गुरुजी थोरल्यांना म्हणाले, “सर, उद्यापासून मी तीन दिवस नाही.” थोरले म्हणाले, “पत्र मीही वाचलंय. अर्ज द्या.” धाकटे म्हणाले, “अहो, पण आदेशच आहे ना.” थोरले म्हणाले, “आदेश त्यांचा. फाइल माझी.”

फाइल, पुस्तकं, घंटा आणि शिक्का या सगळ्यांचं कपाट दोन खोल्यांत मिळून एकच. धाकट्यांनी त्यातूनच कोरा कागद घेतला, थोरल्यांचंच पेन उसनं घेतलं आणि दीड भिंतीच्या अंतरावर बसलेल्या माणसाला लिहिलं :

‘प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : बहुवर्ग अध्यापन प्रशिक्षणास उपस्थित राहणेकामी तीन दिवसांची कर्तव्य रजा मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती करतो की…’

थोरल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “कर्तव्य आहे की रजा आहे?”

धाकट्यांना वाटलं, सर चेष्टा करताहेत. पण सर गंभीर होते आणि त्यांचं बरोबरही होतं. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 उघडून बघा. अर्जित रजा आहे, अर्धवेतनी आहे, परिवर्तित आहे, अनर्जित आहे, असाधारणही आहे. कर्तव्य रजा नावाची रजा नाही. शासनाने पाठवलेल्या प्रशिक्षणाचा काळ हा सेवेत कर्तव्यकाळच धरतात, मग रजा कशाची? गंमत म्हणजे ज्या किरकोळ रजेवर अख्खा महाराष्ट्र लग्नं आणि बारशी उरकतो, तीही नियमांच्या भाषेत खरी रजा नव्हेच. किरकोळ रजेवरचा माणूस कामावर असल्यासारखाच धरला जातो. थोडक्यात, आपल्याकडे माणूस रजेवर असला तरी कामावर असतो आणि कामावर निघाला तर त्याला रजा मागावी लागते.

हा नुसता शब्दांचा खेळ असता तर थोरल्यांनी सोडून दिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी त्यांनाच चटका बसला होता. अशाच एका प्रशिक्षणाला जाताना त्यांनी अर्जात ‘रजा’ लिहिलं. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ‘मंजूर’ असा शेरा मारला. हजेरीपटात त्या दिवसांवर ‘र’ पडला. वर्षअखेरीस हिशोब झाला तेव्हा तीन किरकोळ रजा वजा झालेल्या दिसल्या. प्रवासभत्त्याचं बिल ‘रजेच्या काळात प्रवासभत्ता देय नाही’ म्हणून परत आलं. प्रशिक्षणाचं उपस्थिती प्रमाणपत्र दाखवलं, तर उत्तर मिळालं की तुम्ही तिथे हजर होतात हे मान्य, पण इथे रजेवर होतात. माणूस दोन ठिकाणी नसतो एवढं कार्यालयाला कळतं. दोन्हींपैकी खरा कुठे होता, हे कळत नाही.

म्हणून थोरल्यांनी स्वतः मजकूर सांगितला. ‘रजा’ काढा. ‘मिळणेबाबत’ काढा. ‘विनंती’ राहू द्या, तिने कुणाचं नुकसान होत नाही. विषय असा करा : ‘प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त करणेबाबत.’ संदर्भात पत्राचा जावक क्रमांक आणि दिनांक घाला, कारण व्हॉट्सॲपवरचं पत्र उद्या गटातून नाहीसं होतं आणि मग तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून गेला होतात, ते तुम्हीच सिद्ध करा. हजेरीपटावर ‘र’ नको, ‘प्रशि.’ असं पूर्ण लिहायचं आणि शेजारी आदेशाचा क्रमांक. पत्राची छापील प्रत काढून हजेरीपटाच्या त्याच पानाला टाचून ठेवायची.

धाकट्यांनी नवा अर्ज लिहिला. वाचून झाल्यावर थोरले म्हणाले, “बदली व्यवस्था?”

आता हा प्रश्न मोठ्या हायस्कुलात शोभतो. तिथे बदली तासिकांची वही असते. कुणाचा ऑफ तास कुणाच्या गळ्यात मारायचा यावरून स्टाफरूममध्ये दुपारभर रुसवेफुगवे चालतात. इथे बदलीला उपलब्ध मनुष्यबळ म्हणजे एक थोरले गुरुजी. तेच विचारणारे, तेच उत्तर. धाकट्यांनी अर्जाच्या तळाशी प्रामाणिकपणे लिहिलं : ‘माझ्या अनुपस्थितीत इयत्ता पहिली व दुसरीचे अध्यापन आपण कराल, ही नम्र विनंती.’ थोरल्यांनी त्याखाली शेरा मारला, ‘पर्यायी व्यवस्था केली आहे’, सही केली आणि शिक्का ठोकला. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत दोघंही पर्यायी व्यवस्थेकडे, म्हणजे एकमेकांकडे, बघत बसले.

मग पोषण आहाराचा प्रभार. साठ्याची वही आणि मोबाइलवरची माहिती धाकट्यांकडे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे सगळी 37 आली तर रोज 3 किलो 700 ग्रॅम. तीन दिवसांचे 11 किलो 100 ग्रॅम. त्या दिवशीची शिल्लक दोघांनी वजनकाट्यावर मोजली, वहीत लिहिली, वर ‘प्रभार दिला’, खाली ‘प्रभार घेतला’. 19 मुलांची अक्षरओळख आणि बेरीज कुठल्या वहीत मोजून द्यायची, याचा रकाना नसल्यामुळे ती तशीच तोंडी सोपवली. पहिलीतला एक मुलगा अजून ‘ब’ आणि ‘व’ यांत घोटाळतो, एवढं धाकटे जाताजाता सांगून गेले.

बुधवारी सकाळी साडेनऊला धाकटे तालुक्याला पोचले. नोंदणी, सही, एक वही, एक पेन. उद्घाटनाचा नारळ पाहुणे आले तेव्हा, म्हणजे साडेअकराला, फुटला. तज्ज्ञ मार्गदर्शकांनी पडद्यावर दाखवलं की बहुवर्ग शाळेत इयत्तेऐवजी गट करावेत. एका गटाला शिक्षकाने थेट शिकवावं, त्याच वेळी दुसऱ्याला स्वयंअध्ययनाचं काम द्यावं, तिसऱ्यात मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावं आणि ठरावीक वेळाने गट फिरवावेत. सर्वांत कठीण काय, तर जो गट तुमच्या हातात नाही, त्याला खरंच काम असेल असं काम देणं. नाहीतर तो नुसता गप्प बसवलेला गट असतो. धाकट्यांनी हे सगळं लिहून घेतलं. चांगलंच होतं ते, आमची चेष्टा त्या विषयाबद्दल नाही. एका शिक्षकाने हात वर करून विचारलं, “सर, आत्ता माझ्या शाळेत चार इयत्ता एका माणसाकडे आहेत. त्यांना हे कोण सांगणार?” मार्गदर्शक म्हणाले, “चांगला प्रश्न आहे. शेवटच्या सत्रात घेऊ.” शेवटच्या सत्रात प्रमाणपत्रं वाटली.

त्याच बुधवारी वाडीवर काय चाललं होतं? थोरल्यांनी दोन्ही खोल्यांची मुलं व्हरांड्यात आणली, कारण माणूस एक आणि दारं दोन. चौथीच्या नऊ जणांना पहिलीची आठ वाटून दिली. एक जास्तीचा होता तो घंटेवर. दुसरीच्या पोरांना चिंचोके देऊन दहादहाचे ढीग करायला बसवलं आणि शेवटी किती ढीग, किती सुटे, हे पाटीवर लिहायला सांगितलं, म्हणजे काम झालं की नाही ते लांबूनच दिसतं. तिसरीला स्वतः शिकवलं. जेवणानंतर सगळं फिरवलं. मधेच तांदूळ मोजला, मोबाइलवर हजेरी भरली, केंद्रावरून ‘माहिती तात्काळ पाठवा’ असा निरोप आला तोही निपटला. ‘ब’ आणि ‘व’ मध्ये घोटाळणाऱ्या मुलाला चौथीतल्या एका मुलीने सांगितलं, “पोटात काठी असली की ब. बकरीला काठी लागते, वासराला नाही.” शुक्रवारपर्यंत त्याचा घोटाळा मिटला होता. तज्ज्ञ मार्गदर्शकांच्या पडद्यावर ही युक्ती नव्हती.

शनिवारी सकाळी धाकटे परत आले. रुजू अहवाल दिला, उपस्थिती प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली. प्रमाणपत्रावर तारखा आहेत ना, ते थोरल्यांनी आधी बघितलं; नुसतं ‘प्रशिक्षण पूर्ण केले’ असेल तर कुठले दिवस पूर्ण केले, यावरून बिल पुन्हा परत येतं. मग धाकट्यांनी उत्साहाने वही उघडली आणि गट, स्वयंअध्ययन, मोठ्यांनी लहानांना शिकवणं, सगळं समजावून सांगितलं. थोरल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “छान आहे. तीन दिवस माझं तेच चाललं होतं. फक्त नारळ नव्हता.”

गोष्ट इथे संपली असती, पण रात्री पावणेदहाला पुन्हा पत्र पडलं. टप्पा दुसरा, सोमवार ते बुधवार. यादीत थोरल्यांचं नाव. खाली तीच दोन वाक्यं, जशीच्या तशी.

सोमवारी पहिल्या बसने निघायचं, म्हणून रविवारी दुपारी दोघांनी शाळा उघडली. थोरल्यांनी प्रभार सोडला, धाकट्यांनी घेतला. शिक्का आणि कपाटाची किल्ली हातातून हातात गेली. तांदूळ मोजला. थोरल्यांनी कपाटातून कोरा कागद घेतला, धाकट्यांचं पेन उसनं घेतलं आणि वर लिहिलं : ‘प्रति, मा. प्रभारी मुख्याध्यापक.’ रजा हा शब्द अर्जात कुठेही येणार नाही, याची काळजी घेतली.

धाकट्यांनी अर्ज वाचला. चष्मा नव्हता, म्हणून नुसतीच बोटं कपाळाला लावली आणि विचारलं, “बदली व्यवस्था?”