जुनं पातेलं मागे कसं सारावं: कोल्डरूमच्या नवोदितांसाठी

हॉटेलात नव्याने लागलेल्या मुलाला आधी कांदा सोलायला बसवतात आणि मग कोल्डरूममध्ये पाठवतात. कांद्याने रडू येतं हे त्याला घरूनच ठाऊक असतं. कोल्डरूमबद्दल मात्र कोणी काही सांगत नाही. एवढंच म्हणतात, ‘आधी आलेलं आधी काढ.’ म्हणून ही मार्गदर्शिका.

प्रथम पोट आत घ्या. खोली आठ फूट बाय सहा फूट, दोन्ही बाजूंना रॅक, मधे एका माणसापुरती वाट आणि त्या वाटेत कोथिंबिरीचे क्रेट. तुमच्या हातात मखनी ग्रेव्हीचं सहा लिटरचं पातेलं आहे आणि दार उघडं राहिलं की बाहेरून कोणीतरी ओरडतं. अशा वेळी हात जातो तिथे, म्हणजे रॅकच्या पुढच्या कडेला, पातेलं ठेवा. तिथे आधीचं पातेलं असेल तर ते कोपराने मागे सारा. झालं! आता शेवटी आलेलं आधी निघेल. अनुभवी मंडळीही याच पद्धतीने काम करतात.

सोमवार, ४ ऑगस्टला अशी दोन पातेली केली असं धरू. मंगळवारी रात्रीपर्यंत एक संपलं, दुसऱ्यात तीन लिटर उरली. किचनचा नियम तीन दिवसांचा, केल्याचा दिवस धरून, म्हणजे ही ग्रेव्ही बुधवारी रात्रीपर्यंत संपायला हवी. बुधवारी सकाळी नवी दोन पातेली आली आणि पुढे बसली. दुपारच्या गर्दीत कोणी मागे हात घालत नाही. ते तीन लिटर शुक्रवारी सापडतात.

मागच्या पातेल्याची कीव आली तर ते नव्यात ओता आणि वर बुधवारची तारीख लिहा. जागाही वाचेल. फक्त आता सगळ्या पातेल्याचं वय सोमवारपासून मोजायचं, ही क्षुल्लक बाब लेबलला कळवू नका.

लेबल लावायचंच असेल तर झाकणावर लावा. एका मापाची चार झाकणं भांडी घासायच्या जागी एकत्र गेली की कोणाची तारीख कोणाच्या डोक्यावर बसेल ते सांगता येत नाही. पातेल्याच्या अंगावर लावण्याचा आग्रह कोणी धरलाच, तर कोल्डरूममध्ये घाम सुटलेल्या स्टीलवर लावा. मास्किंग टेप संध्याकाळपर्यंत जमिनीवर येईल. हट्टी लोक कोरड्या ओट्यावर आधी टेपवर मार्करने लिहितात, मग ती बाहेरच कोरड्या पातेल्यावर चिकटवतात आणि धुताना जुनी पट्टी सोलून काढतात. त्यांच्या नादी लागू नका.

मजकूर थोडका ठेवा. नुसतं ‘४/८’ पुरे. लाल, घट्ट ग्रेव्ही मखनी आहे की कढईची, हे पुढचा माणूस वास घेऊन ठरवेल. थंडगार ग्रेव्हीला वास कमी येतो आणि पोट बिघडवणारे सगळेच जंतू वास सोडत नाहीत, हे त्याला कळेल यथावकाश. ‘मखनी, केली सोम ४/८, वापरा बुध ६/८ रात्रीपर्यंत’ आणि खाली आपलं नाव, एवढं लिहिलं तर वादाला जागाच उरत नाही. नुसती केल्याची तारीख असली की गुरुवारी सकाळी दोन माणसं बोटं मोजत उभी राहतात, एक सोमवार धरून, दुसरा सोडून.

आता थट्टा बाजूला. अरुंद खोलीत खरी अडचण खोलीची नसते, रॅकच्या खोलपणाची असते. जिथे एकामागे एक दोन पातेली मावतात तिथे मागचं विसरलं जाणारच. म्हणून ग्रेव्ही शेजारी शेजारी, एकाच रांगेत ठेवावी: काढायची डावीकडून, भरायची उजवीकडून. तेवढी लांबी नसेल तर नवी शिजवण्याआधी जुनी किती उरली ते बघावं आणि उरलेली बाहेरच्या लहान फ्रिजमध्ये, गॅसजवळच्या माणसाच्या हाताशी द्यावी. मांडणी बदलायची ती दुपारी जेवणाची गर्दी ओसरल्यावर; सकाळी अकराला भाजीवाला दारात असताना नव्हे.

दूध-पनीरला मात्र ‘आधी आलेलं आधी काढ’ हा नियम जसाच्या तसा लावू नये. आज आलेल्या पनीरची मुदत कालच्याच्या आधी संपत असेल, तर आजचंच आधी काढायचं. आणि पाकीट फोडलं की छापील तारखेवर विसंबायचं नाही, फोडल्याची तारीख लिहायची. कच्चं चिकन तर कितीही जुनं असो, सोयीसाठी वरच्या फळीवर येत नाही. त्याचं पाणी खालच्या पातेल्यात गळतं.

शुक्रवारच्या तीन लिटरचं काय? फेकायची आणि वाया गेलेल्या मालाच्या वहीत लिहायची. कारणाच्या रकान्यात सगळे ‘खराब झाली’ लिहितात. तिथे ‘नवी पुढे ठेवली’ असं लिहा, म्हणजे शेफ रॅककडे बघतील, फ्रिजवाल्या मेकॅनिकला फोन करणार नाहीत.