आवाज बसेपर्यंत

पीठ भिजवणारा एक, तवा तापवणारा दुसरा आणि या दोघांना ‘थांबा’ म्हणणारा तिसरा. हा तिसरा तुमच्याही घरी असेलच. आमच्याकडे ते खातं नानांचं. म्हशावरून नारिवलीला गेलं की सिद्धगडाच्या पायथ्याशी त्यांचं घर. घावन नानी घालते. नाना फक्त ‘आता’ म्हणतात.

हे ‘आता’ म्हणजे घावन उलथायची वेळ. ती डोळ्यांनी नव्हे, कानांनी ओळखायची, असा नानांचा सिद्धान्त. पीठ पडलं की तवा चर्र करतो. तो पिठातल्या पाण्याचा आवाज. पाणी उडत जातं तसा आवाज बारीक होतो, आणि तो बसला की घावन कडेने आपणहून सुटतं. सुटायच्या आधी कालथा घातलात तर निम्मं घावन तव्याला राहणार. यात खोट काढायला जागा नाही. पण तो आवाज ऐकायला नाना चुलीवर वाकतात, एक हात कानामागे धरतात, दुसरा वर करतात आणि अख्खं घर गप्प करतात. एका पाहुण्याला ऐन वेळी ठसका लागला, तर म्हणाले, “जरा दम धरा, घावन बोलतंय.” शेजारचा कोंबडा आरवला तेव्हा मात्र ते घावन त्यांनी बाद केलं. बाद म्हणजे मला दिलं. उत्तम झालं होतं.

भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी स्मारकाकडे माणसं येतात, आणि त्यातली ओळखीची परतताना नानांच्या ओटीवर टेकतात. तेव्हा नानांचा वर्ग भरतो. जानेवारीत पीठ नव्या तांदळाचं, म्हणजे चिकट. वाटीभर पिठाला एरवी दोन वाट्या पाणी लागतं, नव्याला हात आखडता घ्यायचा. पळी बुडवून वर काढली की तिच्यावर दुधाच्या सायीपेक्षाही पातळ थर राहिला पाहिजे. शिवाय तांदळाचं पीठ पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं. म्हणून दर वेळी ढवळूनच पळी भरायची. नाही ढवळलं तर पहिलं घावन फडकं होतं आणि शेवटची भाकरी. (हे नाना सांगत असतात तेव्हा नानी ढवळतच असते.)

तवा बिडाचा, जड. पाण्याचे थेंब शिंपडले की ते नाचत नाहीसे झाले पाहिजेत. नुसतेच बसून उकळायला लागले तर तवा थंड आहे. अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा, मग पीठ कडेकडून आत ओतत यायचं, पळीने पसरायचं नाही. पडल्या पडल्या जाळी पडली तर जमलं. नाही पडली तर चुलीत लाकूड सारायचं.

गेल्या वर्षी डोंबिवलीचा भाचा उत्तप्प्याचं तयार पीठ घेऊन आला. त्याने नानीचं बघून तवा तसाच कडक तापवला आणि ते दाट पीठ वर टाकलं. पसरवायला जावं तर पीठ पळीलाच चिकटून ओढलं जायला लागलं! कसाबसा जाड रोट झाला. खालून काळा, वरून ओला. नाना खूश. “अरे, जाड पिठाला दम लागतो. लाकूड ओढ बाहेर. तव्यावर पाणी मार, पूस, मग टाक. झाकण ठेव, आणि वरची ओली चकाकी गेल्याशिवाय हात लावू नकोस.” दुसरा उत्तप्पा त्यांनी जातीने ऐकला. कान लावून, हात वर. पण उत्तप्पा मंद आचेवर काही बोलेचना. नाना वाकलेलेच. भाचा ताटकळलेला. मी चुलीजवळ सरकलो तर उत्तप्प्याचा आवाज मला चांगला येत होता, बारीक आणि सलग.

मग मी नानीकडे बघायला लागलो. तिने कालथ्याचं टोक तव्याच्या कडेवर ठणकन आपटलं. “आता!” नाना ओरडले.

त्यानंतर घावनांच्या वेळीही तेच. चुर्रचुर्र बसायची, नानी कडेला बोटभर सुटलेलं घावन बघायची, कालथा आपटायची, आणि नाना विजयी मुद्रेने वर बघायचे. मी तिला पडवीत गाठून विचारलं, कधीपासून?

“झाली की वर्षं,” ती म्हणाली. “डावा आधी गेला, मग उजवा. दवाखान्यात येईनात. म्हणाले, मला घावन ऐकू येतं, मग कान कसे गेले?”

“मग तू सांगत का नाहीस?”

“सांगून काय? मग ते घावनाकडे येणारच नाहीत. ओटीवर जाऊन बसतील.” आतून नानांची हाक आली, तवा रिकामा तापतोय म्हणून. नानी उठली. “आणि तू आता आलास तर जरा मोठ्याने खोकू नकोस हां. नाय तर परत एक बाद करतील.”