मधलं पद

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा मोबाईलवरून आधीच घराघरांत पोचली होती. त्या दिवशी जमावाने पाच माणसांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. ती पाचही माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, गावोगाव भिक्षा मागून पोट भरणारी.

त्या जमावात कोणाच्या मनात नेमकं काय होतं हे मला माहीत नाही. पण अफवेवरून माणूस हेरायचा तर डोकं कसं चालतं, ते मांडून बघता येतं. ‘मुलं पळवणारे सगळे परगावचे असतात. हे पाच जण परगावचे आहेत. म्हणून हे मुलं पळवणारे.’ बहुतेक जण इथे म्हणतील की अफवाच खोटी होती. होतीच. पण घटकाभर ती खरी धरा, टोळी खरोखर आली होती आणि खरोखर परगावची होती असं माना. तरीही शेवटचं वाक्य निघत नाही.

अकरावी-बारावीला तर्कशास्त्र घेतलेल्यांना ‘अव्याप्त मध्यपद’ हा दोष आठवेल. दोन्ही आधारविधानांत येणारं आणि निष्कर्षातून गळून जाणारं पद म्हणजे मध्यपद. इथे ते ‘परगावचे’. त्याचं काम दोन टोकं जोडायचं. त्यासाठी निदान एका विधानाने परगावच्या *सगळ्यांबद्दल* काही सांगायला हवं. पहिलं विधान सगळ्या पळवणाऱ्यांबद्दल बोलतं, दुसरं या पाच जणांबद्दल. सगळ्या परगावच्यांबद्दल कोणीच बोललेलं नाही. टोळी परगावच्यांच्या एका कोपऱ्यात असेल, हे पाच जण दुसऱ्या कोपऱ्यात. सगळ्या गाई गवत खातात, सगळे घोडे गवत खातात, म्हणून घोडे गाई होत नाहीत. सांगाडा हुबेहूब तोच आहे.

हा दोष ओळखायची एक खूण मला सगळ्यात उपयोगी वाटते. मध्यपदाला ‘सगळे’ लावून पहिलं वाक्य उलटं करायचं: ‘परगावचे सगळे मुलं पळवणारे असतात.’ आता तर्क बिनचूक झाला, निष्कर्ष नीट निघतो. पण हे वाक्य मोठ्याने म्हणायला कोणाची जीभ रेटेल? ज्या वाक्याशिवाय निष्कर्ष उभा राहत नाही ते उघड खोटं असतं, म्हणूनच ते न उच्चारता गृहीत धरलं जातं. दोषाचं सगळं बळ त्या न उच्चारण्यात आहे.

आपल्या नैयायिकांनी हे फार पूर्वी नेमकेपणाने पकडलं होतं. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की. पण ‘इथे अग्नी आहे, म्हणून धूर असणार’ म्हणालात की ते तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करतात. अग्नी आहे, धूर नाही. असा एक गोळा सापडला की हेतू सव्यभिचार ठरला. शोध गोळ्याचा घ्यायचा, म्हणजे ज्यात खूण आहे पण दोष नाही अशाचा.

सोसायटीत हा गोळा रोज लागतो. ‘घरफोडी करणारे आधी दुपारी येऊन पाहणी करतात, हा पोरगा आज दुपारी दोनदा दिसला.’ दुपारी दोनदा आणखी कोण दिसतं? कुरिअरवाला, गॅसवाला, पत्ता चुकलेला पाहुणा. म्हणून शंका घेऊच नये असं मी म्हणत नाही. निष्कर्ष निघत नाही याचा अर्थ तो खोटाच आहे असाही नव्हे. त्या पोराबद्दल अजून काही कळलेलं नाही, एवढाच. त्याला थांबवून कोणाकडे आलास हे विचारायला ती शंका पुरते. हात उचलायला पुरत नाही.

आणि नकाराची गंमत पाहा. ‘टोळीतला कोणीही आपलं नाव-गाव पोलीस पाटलाला सांगत नाही, या माणसाने सांगितलं, म्हणून हा टोळीतला नाही.’ इथेही मधलं पद दोन्ही विधानांत तसंच शेवटी आहे, पण तर्क बरोबर. ‘नाही’ म्हटल्याबरोबर नाव-गाव सांगणाऱ्या सगळ्यांना टोळीच्या बाहेर काढलं गेलं. पहिलं विधान खरं असेल तर या वाटेने माणूस खात्रीने सुटतो. नुसत्या सारखेपणाच्या वाटेने तो खात्रीने अडकत मात्र नाही.

आठवडी बाजार भरतोच मुळी परगावच्यांवर. भांडीवाला, कपडेवाला, मसाल्याची पोती घेऊन पहाटेच्या गाडीने आलेली बाई, बैल घेऊन आलेला शेतकरी. ‘हे परगावचे आहेत’ अशी हाक उठली असेल, तर तेव्हा एकाने तरी विचारायला हवं होतं की या बाजारात परगावचे अजून किती जण उभे आहेत.