राउटर नको, वायर पाठवा

मा. अपील अधिकारी साहेब,

तुमच्या कंपनीच्या नोंदीनुसार माझं ब्रॉडबँड जूनमध्ये चार वेळा बिघडलं आणि चारही वेळा दुरुस्त झालं. साहेब, ते एकदाच बिघडलंय. दुरुस्त झाल्या त्या तक्रारी.

पहिली, क्र. ४०६१७, ३ जूनची. दुसऱ्या दिवशी ‘ग्राहक घरी नव्हते’ म्हणून बंद. माझा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. मला घराबाहेर न्यायचं तर चार माणसं लागली असती, आणि तशी वेळ अजून आलेली नव्हती.

दुसरी, क्र. ४११९०. ११ जूनला एक मुलगा नवा राउटर लावून गेला. एलओएसचा दिवा आधी जुन्या डब्यावर अधूनमधून लाल व्हायचा, आता नव्यावर होतो. कॉल सेंटरला फोन लावावा तर नेमका तेवढ्यात हिरवा होतो आणि पलीकडून ‘तुमची लाइन ठीक दिसतेय’ असं ऐकू येतं.

तिसरी, क्र. ४१८५३. १९ जूनला आलेल्या मुलाने मात्र पॉवर मीटर आणला होता. खांबावरच्या बॉक्समध्ये उणे १९ डीबीएम, माझ्या टेबलाशी उणे ३१. उणे २७च्या खाली गेलं की डबा कुरकुरतो, असं तो म्हणाला. बारा डेसिबल वाटेत गेले, म्हणजे खांबावरून निघालेल्या उजेडाचा जेमतेम सोळावा हिस्सा घरात येतो. सरकारी योजनेतला रुपयासुद्धा याहून बरा पोहोचत असेल. कारणही त्यानेच दाखवलं: शेजाऱ्यांनी पावसाळ्यासाठी पत्रा ठोकला, त्याच्या कडेखाली फायबर काटकोनात दबलीय. चाळीस मीटर नवी वायर ओढली की काम झालं. पण स्टोअरमध्ये वायर नाही. मग तो संकोचून म्हणाला, “काका, ओटीपी देता का? नाहीतर माझ्या नावावर पेंडिंग दिसतं.” मी दिला. त्या ओटीपीचा अर्थ ‘ग्राहक समाधानी’ असा होतो, हे एसएमएस आल्यावर कळलं.

चौथी, क्र. ४२४०८, २६ जूनची. ‘आधीची तक्रार निकाली निघाल्याने’ तासाभरात बंद.

ही गंमत तुम्हाला माहीत असेलच. दर वेळी नवा क्रमांक पडला की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं आणि महिन्याचा आजार चार किरकोळ सर्दींमध्ये वाटला जातो. म्हणून चारही क्रमांक एकाच कागदावर लिहिले आहेत, सोबत मीटरच्या आकड्यांचा फोटो आहे. ट्रायच्या २०१२च्या नियमांप्रमाणे अपिलाला फी नाही आणि निकालाला तुमच्याकडे ३९ दिवस आहेत. नवी तक्रार नोंदवून घेऊ नका. याच चार उघडा, आणि बंद काळाचं भाडं बिलातून वजा करा.

त्या मुलाला मात्र बोलू नका. तुमच्याकडून आलेल्यांत मीटर वापरणारा तो एकटाच. त्याच्याच हाती वायर पाठवा. राउटर नको, दोन आहेत.

आपला,
नोंदीनुसार समाधानी ग्राहक