तपशीलराव

गारखेड्यातल्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव आता फक्त बिलावर उरलंय. बाकी सगळे त्यांना तपशीलराव म्हणतात. निवृत्तीनंतर ते मुलाच्या बंगल्यावर राहायला गेले आणि इथला वन-बीएचके त्यांनी वाळूजच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या एका जोडप्याला भाड्याने दिला. पुढच्याच बिलात नवी ओळ आली : ‘नॉन-ऑक्युपन्सी, रु. 1,000.’

दुसरा कुणी असता तर कुरकुर करून भरून मोकळा झाला असता. तपशीलरावांनी अर्ज लिहिला. अर्जाच्या दोन प्रती, त्यातली एक पोचेसाठी. सेक्रेटरी म्हणाले, “काका, शिक्का घरी राहिलाय.” काकांनी पिशवीतून स्टँपपॅड काढलं. “शिक्का आणून द्या, मी बसतो.” आणि ते बसले.

अर्जात मागणी एकच : हे हजार रुपये कशाचे, ते लेखी कळवावे. सोबत 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाची झेरॉक्स. सहकार कायद्याच्या कलम 79-अ खालच्या या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, जावई-सून, नातवंडं राहत असतील तर तेही नाही. “भाडेकरूला जावई म्हणून दाखवू का?” असं त्यांनी विचारलं, तेव्हा ते विनोद करताहेत की पर्याय तपासताहेत, हे कुणालाच कळलं नाही.

“सर्वसाधारण सभेत ठराव झालाय,” अध्यक्ष म्हणाले. तपशीलराव याच वाक्याची वाट पाहत होते. मुंबईच्या माँट ब्लांक सोसायटीने या आदेशालाच आव्हान दिलं होतं आणि 2007 मध्ये उच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला, हे त्यांनी चहा गार होईपर्यंत समजावलं. सभेने एकमताने ठराव केला तरी मर्यादा ओलांडता येत नाही.

कमिटीने मग तडजोड काढली. “काका, कशाला ताणायलात? एकूण बिल 2,600 चं, दहा टक्के 260 द्या.” इथे काकांचा आवाज एकदम मऊ झाला, त्यांचा आवाज मऊ झाला की आम्ही खुर्ची मागे सरकवतो. कारण दहा टक्के एकूण बिलावर नाहीत, फक्त सेवाशुल्कावर. वॉचमन, झाडूवाली, लेखनिक यांचे पगार, ऑडिट फी, छपाई-टपाल, हे सेवाशुल्क. दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पाणी हे वेगळे. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसल्याने बिलातली सगळ्यात जाड रक्कम टँकरची. तिच्यावर टक्केवारी लावणं म्हणजे दुष्काळावर कमिशन घेणं, असं ते म्हणाले. पण आमच्या बिलात हे सगळं ‘मेंटेनन्स’ या एकाच शब्दात कोंबलेलं. म्हणून पुन्हा अर्ज, पुन्हा स्टँपपॅड. उत्तर आलं नाही तर उपनिबंधकांकडे जाण्याचा मसुदाही त्यांनी ‘सहज वाचायला’ देऊन ठेवला.

शेवटी तपशील आला. वॉचमन 12,000, झाडलोट 5,000, लेखनिक 3,600, ऑडिट आणि किरकोळ 1,000. एकूण 21,600. फ्लॅट 24. तपशीलरावांनी कागद वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाले. कारण सोसायटी हा खर्च क्षेत्रफळावर वाटत होती : वन-बीएचकेला 700, टू-बीएचकेला 1,100. आदर्श उपविधी 67 सांगतो की सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान. म्हणजे प्रत्येकी 900.

कोषाध्यक्ष टू-बीएचकेवाले, त्यांनी लगेच ओळखलं. “काका, नियम म्हणजे नियम.” तपशीलरावांचं बिनभोगवटा शुल्क हजारावरून 90 वर आलं आणि सेवाशुल्क 200 ने वाढलं. महिन्याला 710 रुपये सुटले. पण उरलेल्या अकरा वन-बीएचकेवाल्यांना काहीच न मागता दोनशेचा भुर्दंड बसला. आता जिन्यात काका दिसले की ते लिफ्टची वाट बघतात. लिफ्ट बंद असली तरी.

काकांना त्याचं काही नाही. त्यांचा दुसरा फ्लॅट उल्कानगरीत आहे, तोही भाड्याने. तिथे त्यांनी तोच अर्ज, तीच झेरॉक्स दिली. उत्तर आलं : आमची सोसायटी नाही, 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची असोसिएशन आहे, सहकार कायद्याचा आदेश आम्हाला लागू नाही. मुद्दा बिनतोड होता. आम्हाला वाटलं, संपलं. तपशीलरावांनी स्टँपपॅडला नवी शाई घातली आणि अपार्टमेंटच्या नोंदणीकृत घोषणापत्राची प्रत मागितली, जोडपत्रांसह, पानांवर क्रमांक टाकून.